वाटल्या किती, गिळल्या किती

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस, असा आपल्याकडचा नियम आहे. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. आशाताई तिला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना लोह देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ मध्ये ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ या नावाने त्याची नव्याने आखणी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गरोदरपणात १८० किंवा अधिक दिवस गोळी घेतल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत त्या २६ टक्के झाल्या. याच काळात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला अ‍ॅनिमिया ५३ वरून ५७ टक्क्यांवर गेला आणि पाच वर्षांखालील मुलांमधला ५८.६ वरून ६७ टक्क्यांवर. गोळ्या वाढल्या आणि अ‍ॅनिमियाही वाढला. हे वाचून कोणी म्हणते, गोळ्यांचा उपयोगच नाही. कोणी म्हणते, सर्वेक्षणच चुकले. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, असे माझे मत आहे. भांडारातली गोळी आणि रक्तातले लोह यांच्यामध्ये बरेच टप्पे आहेत. आपण त्यांतला पहिला नेमाने मोजतो, मधले अंदाजाने धरतो आणि शेवटचा बहुतेक वेळा मोजतच नाही.

आधी गरज किती ते पाहू. संपूर्ण गरोदरपणाला, शरीराची रोजची झीज धरून, साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले तीनशे-साडेतीनशे बाळ आणि वार घेतात, साडेचारशेच्या आसपास बाईचे स्वतःचे रक्त वाढण्यात जाते आणि उरलेले झीज व बाळंतपणातला रक्तस्राव यांत. ही गरज सगळ्या महिन्यांत सारखी नसते. पहिले तीन महिने ती जवळपास नेहमीइतकीच असते. शेवटच्या तीन महिन्यांत शरीरात प्रत्यक्ष शोषले जाणारे लोह दिवसाला पाच-सहा मिलिग्रॅम लागते. भाकरी, डाळ, पालेभाजी अशा जेवणात दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह आहे असे धरले, तरी धान्य-कडधान्यांतल्या फायटेटमुळे आणि जेवणालगत घेतलेल्या चहामुळे त्यातले जेमतेम ८ टक्के शोषले जाते. म्हणजे सव्वा मिलिग्रॅमसुद्धा नाही. गोळीतल्या ६० मिलिग्रॅमपैकी दहा टक्के अंगी लागले तर रोजचे ६ मिलिग्रॅम मिळतात. १८० दिवसांचे १,०८०. म्हणजे १८० हा आकडा गरोदरपणाच्या गरजेशी चांगलाच जुळतो. ‘चांगले खाल्ले तर गोळी कशाला’ या आक्षेपाला हे गणित उत्तर देते. गरोदरपणाआधीची वर्षे आहार चांगला असेल, शरीरात तीनशे-चारशे मिलिग्रॅम लोहाचा साठा असेल, तर आक्षेपात तथ्य आहे. पण दर महिन्याच्या पाळीत लोह गमावणारी आणि रिकाम्या साठ्यानिशी गरोदर राहिलेली मुलगी शेवटच्या तीन महिन्यांची गरज बाजरी आणि गुळाच्या जोरावर भागवू शकत नाही. आहार हा साठ्याचा उपाय आहे आणि गोळी हा तुटीचा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मात्र रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण पूर्ण खरे नाही, आणि ते खोटे ठरवणारा एक महत्त्वाचा पुरावा मुंबईतलाच आहे. १९२८ च्या सुमाराला लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये, एक जीवघेणा अ‍ॅनिमिया दिसत होता. त्यात तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी उलट मोठ्या होत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी दाखवून दिले की यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो. त्यांचा शोधनिबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. आज लाल गोळीत लोहाच्या जोडीला जे ५०० मायक्रोग्रॅम असतात, त्यांचे मूळ या कामात आहे. पण गोळीत ब-१२ जीवनसत्त्व नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात साठ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. ब-१२ हे दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते आणि आपल्याकडे दूध पुरेसे पिणाऱ्या बायका थोड्या. शिवाय जंत, वारंवार होणारे संसर्ग, विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांतला सिकलसेल, काही समाजांतला थॅलेसेमिया, ही कारणे आहेतच. शरीरात दाह असला की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. अशा बाईला गोळी घेऊनही फरक दिसत नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात रक्तातले फेरिटिन आणि जीवनसत्त्वेही तपासली होती. त्यात एक ते चार वर्षांच्या अ‍ॅनिमिया असलेल्या मुलांपैकी साधारण ३७ टक्क्यांच्या बाबतीत लोहाची कमतरता हे कारण निघाले, किशोरवयीनांमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास. लोह हे सर्वांत मोठे एकटे कारण असेल, पण ते एकमेव नाही. म्हणून सगळ्यांनी सगळ्या गोळ्या घेतल्या तरी अ‍ॅनिमिया शून्यावर येणार नाही, हे मूल्यमापन करणाऱ्याने आधीच कबूल केले पाहिजे.

आता मोजणीकडे येऊ. कार्यक्रमाची मासिक आकडेवारी उपकेंद्रापासून वर जाते. त्यात गरोदर मातांसाठी मुख्य रकाना असतो ‘१८० गोळ्या दिलेल्या माता’. यातला ‘दिलेल्या’ हा शब्द नीट पाहावा. तीन खेपांत साठ-साठ गोळ्या हातात ठेवल्या की रकाना भरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र ‘घेतल्या का’ असे विचारते, तेही मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणाबद्दल. चार वर्षांपूर्वी रोज गोळी घेतली होती का, किती दिवस, हे कोणाला नेमके आठवणार? त्यामुळे एक आकडा आशावादी आणि दुसरा धूसर. तरी सत्याच्या जवळ दुसराच आहे, कारण तो निदान बाईला विचारून आलेला असतो.

१८० च्या रकान्याची आणखी एक अडचण साध्या हिशेबातून दिसते. गरोदरपण चाळीस आठवड्यांचे. पहिले बारा वगळले की अठ्ठावीस आठवडे उरतात, म्हणजे १९६ दिवस. अडतिसाव्या आठवड्यात बाळंतपण झाले तर १८२. म्हणजे बाराव्या आठवड्याला नाव नोंदवून, जवळपास एकही दिवस न चुकता गोळी घेणारीच १८० गाठू शकते. पाचव्या महिन्याच्या शेवटी नोंदणी झाली तर बाळंतपणाआधी १४० च दिवस उरतात. मग नर्सबाईंनी कितीही कष्ट घेतले तरी तिचे १८० होणे शक्य नाही. आठवड्यातून दोन दिवस विसरणारी, पण बाकी दिवस नेमाने घेणारी बाईही १४० वरच थांबते. तिच्या रक्ताला याचा भरपूर फायदा झालेला असतो, पण सर्वेक्षणाच्या या निकषात ती आणि एकही गोळी न घेतलेली बाई एकाच बाजूला पडतात. २६ टक्के हा आकडा म्हणून फक्त गोळी घेण्याची सवय सांगत नाही. नोंदणी किती लवकर झाली हेही तोच सांगतो. दोन्ही वेगळे काढल्याशिवाय काय दुरुस्त करायचे ते कळत नाही. बाईने गोळी किती दिवस घेतली याची पूर्ण वाटणी, म्हणजे शून्य, तीसपर्यंत, नव्वदपर्यंत आणि पुढे, मांडली तर तो आकडा कितीतरी बोलका होईल.

एक काल्पनिक उपकेंद्र घेऊन सगळे टप्पे चालवून पाहू. सपाट भागात ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असते. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ७५ जन्म. गर्भपात वगैरेंसाठी दहा टक्के वाढवून अपेक्षित गरोदर माता सुमारे ८२. समजा त्यांतल्या ७० जणींची उपकेंद्रात नोंद झाली आणि ६३ जणींना १८० गोळ्या देण्यात आल्या. अहवालात जाईल ६३ भागिले ७०, म्हणजे ९० टक्के. बैठकीत या उपकेंद्राचे कौतुक होईल. पण ज्या बारा जणी नोंदीतच आल्या नाहीत त्यांना छेदात धरले तर ९० चे ७७ होतात. मग घरोघर जाऊन, पाकिटे पाहून चौकशी केली आणि आठवड्यातले किमान पाच दिवस गोळी घेणाऱ्या ३६ च निघाल्या, तर उरले ४४ टक्के. आता या ७० जणींत ३५ जणींना अ‍ॅनिमिया होता असे धरू. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या आणि महिन्याने पुन्हा तपासणी, असा उपचाराचा नियम आहे. महिन्यात निदान १ ग्रॅम वाढ झाली नाही तर तिला वरच्या दवाखान्यात पाठवायचे असते. या पस्तिसांपैकी बाराच जणींची पुन्हा तपासणी झाली आणि आठ जणींचे रक्त वाढलेले दिसले. म्हणजे ज्यांना खरी गरज होती त्यांतल्या २३ टक्क्यांबद्दलच आपण छातीठोकपणे सांगू शकतो की उपचार लागू पडला. एकच उपकेंद्र, एकच वर्ष, आणि आकडे ९०, ७७, ४४ आणि २३. यांतला कोणताही खोटा नाही. वर जाणारा मात्र एकच असतो, तोही सर्वांत मोठा. जपानी अभ्यासक तानाहाशी यांनी १९७८ मध्येच सांगून ठेवले आहे की सेवा उपलब्ध असणे, आवाक्यात असणे, स्वीकारली जाणे, प्रत्यक्ष मिळणे आणि परिणामकारक होणे या व्याप्तीच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि माणसे कोणत्या पायरीवर गळतात ते शोधणे हेच मूल्यमापन.

गळती कुठे होते हे महाराष्ट्रात शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या गावी असते आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती दुसऱ्या तालुक्यात असते. काही वेळा दोन्हीकडे नाव लागते आणि ती दोनदा मोजली जाते. काही वेळा दोन्हीकडच्या आशाताईंना वाटते की गोळ्या दुसरीकडे मिळाल्या असतील. ऊसतोडीला गेलेली बाई याहून वाईट अवस्थेत सापडते. बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत कारखान्यांच्या परिसरातल्या खोपटांत राहतात. तिच्या गरोदरपणाचे नेमके लोह लागणारे महिने त्यात जाऊ शकतात, आणि त्या काळात ती कोणत्याच उपकेंद्राच्या रकान्यात ठळकपणे नसते. शहरात उलटे घडते. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून गोळ्या घेणाऱ्या बायका सरकारी आकड्यात न घेणाऱ्या ठरतात. म्हणून जिल्ह्याची सरासरी पाहून कुठे मदत पाठवायची ते ठरवू नये. फोड करून पाहिले तरच उसाच्या फडातली बाई दिसते.

हातात आलेली गोळी तोंडात का जात नाही, याची कारणेही नोंदवलेली आहेत आणि बहुतेक आवाक्यातली आहेत. मळमळ होते, पोट साफ होत नाही, शौच काळी होते आणि बाई घाबरते. काळी शौच हे उरलेल्या लोहाचे निर्धोक लक्षण आहे, एवढे आधी सांगितले तर निम्मी भीती जाते. गोळी खाल्ली तर बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, हे समज अजून आहेत आणि ते बहुधा सासूशी बोलूनच मिटतात, सुनेशी नव्हे. रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, ही वेळ साधली तर मळमळ कमी होते आणि शोषणही बरे होते. साठा संपणे हे तर बाईच्या हाती मुळीच नाही. उपकेंद्रात महिनाभर गोळ्या नसतील तर तो दोष तिच्या सवयीच्या नावे मांडला जाऊ नये. ८२ मातांना १८० गोळ्या म्हणजे १४,७६० गोळ्या, आणि अ‍ॅनिमिया असलेल्यांना दुप्पट. मागणी नोंदणीच्या आकड्यावर नाही तर या हिशेबावर केली, तर निम्मे तुटवडे आधीच दिसतील.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मूल आईकडून मिळालेल्या लोहावर साधारण सहा महिने काढते. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबले तर तो साठा बराच वाढतो. आईच्या दुधात लोह फार कमी, आणि सहा महिन्यांनंतर वाढीसाठी दिवसाला पाऊण ते एक मिलिग्रॅम शोषले जाणारे लोह लागते. त्या वेळी ताटात येतो तो मऊ भात, वरणाचे पाणी आणि रव्याची खीर. त्यातून ते मिळत नाही. म्हणून सहा महिने ते पाच वर्षे या वयात आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप द्यायचे. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. बाटली ५० मिलिलिटरची. आठवड्याला दोन मिलिलिटर म्हणजे पंचवीस आठवडे, जवळपास सहा महिने पुरते. मूल्यमापनासाठी इतके सोपे साधन दुसरे नाही: तीन महिन्यांनी घरी जाऊन बाटली उजेडात धरा, ती निम्मी झालेली असली पाहिजे. भरलेली असेल तर औषध पोहोचले पण मुलाला नाही, आणि पंधरा दिवसांत रिकामी झाली असेल तर ते धोक्याचे आहे, कारण लोहाचा जादा डोस लहान मुलाला विषारी ठरतो. ताप असताना आणि तीव्र कुपोषणावर उपचार चालू असताना सिरप थांबवायचे असते, हेही रकान्यात कुठे दिसत नाही. इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळू नये. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत आठ महिन्यांच्या बाळांना तीन महिने रोज लोह दिल्यावर अ‍ॅनिमिया कमी झाला, पण बौद्धिक विकासात फरक आढळला नाही. याचा अर्थ सिरप बंद करा असा नाही, पण रक्त वाढले की बुद्धी वाढली असे पत्रकावर छापणेही थांबवले पाहिजे.

मग अ‍ॅनिमियाची टक्केवारीच पाहून कार्यक्रम तपासला तर? तिथेही सांभाळून. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून आलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजले गेले. बोट दाबून थेंब काढला तर पेशीबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा घसरतो. एकाच बोटाच्या दोन थेंबांतही फरक पडतो. शिरेतून रक्त घेणाऱ्या पोषण सर्वेक्षणात साधारण त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांमधला अ‍ॅनिमिया ४१ टक्के निघाला, तर कुटुंब सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ५८.६. वयोगट थोडे वेगळे आहेत, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. म्हणूनच पुढच्या फेरीतून ही तपासणी वगळून शिरेतल्या रक्तावर आधारलेले स्वतंत्र सर्वेक्षण हाती घेण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी मर्यादा ११ वरून १०.५ वर आणली. या बदलांनी आकडे खाली येतील तेव्हा कार्यक्रमाला यश आले असे कोणी म्हणू नये, जसे ते वर गेले तेव्हा गोळी निकामी ठरली असे म्हणता येत नव्हते. आणखी एक गोष्ट: गोळ्यांची व्याप्ती मोजली जाते गरोदर स्त्रियांमध्ये आणि ५७ टक्के हा आकडा सगळ्या स्त्रियांचा आहे. दोन वेगळ्या गटांचे आकडे शेजारी ठेवून कारण आणि परिणाम काढता येत नाही.

यावर एक रास्त तक्रार येते की आशाताई आणि नर्सबाई आधीच नोंदवह्यांखाली दबल्या आहेत, त्यांच्यावर आणखी मोजणी कशाला? माझा आग्रह जास्त मोजण्याचा नाही, दुसरे मोजण्याचा आहे. प्रत्येक बाईची रोजची गोळी वहीत लिहायची गरज नाही. पर्यवेक्षकाने एका भागातल्या १९ माता चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, त्यांच्या घरी जाऊन मागच्या आठवड्यात किती दिवस गोळी घेतली ते विचारावे आणि पाकीट पाहावे. ८० टक्क्यांचे उद्दिष्ट असेल आणि एकोणिसांत १३ किंवा अधिक जणी नेमाने घेणाऱ्या निघाल्या तर तो भाग ठीक मानायचा. कमी निघाल्या तर तिथे आधी लक्ष द्यायचे. लसीकरणासह अनेक कार्यक्रमांत ही पद्धत वापरलेली आहे. मागच्याच आठवड्याबद्दल विचारल्याने आठवणीचा घोळ कमी होतो आणि न घेण्याचे कारणही तिथेच कळते. त्या बदल्यात ‘१८० दिल्या’ हा रकाना मासिक बैठकीच्या केंद्रस्थानी असू नये. तिथे एकच प्रश्न आधी विचारावा: गेल्या महिन्यात अ‍ॅनिमिया आढळलेल्यांपैकी किती जणींची पुन्हा तपासणी झाली आणि किती जणींचे रक्त १ ग्रॅमने वाढले? ज्यांचे वाढले नाही त्यांत ब-१२, सिकलसेल, जंत, दाह यांची प्रकरणे आपोआप वर येतात.

वाचणाऱ्यांच्या घरात कोणी गरोदर असेल, किंवा कामाला येणाऱ्या ताईंची सून असेल, तर बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करून घ्या, पहिल्या तपासणीचा हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहून घ्या आणि तो ११ च्या खाली असेल तर बरोबर महिन्याने दुसरी तपासणी मागून घ्या. एक ग्रॅमही वाढ झाली नसेल तर आणखी एक पाकीट घेऊन परत येऊ नका. कारण शोधा म्हणून डॉक्टरांना सांगा.